वाणाचा डबा परत आला

काल शहापुरातल्या हळदीकुंकवाहून आणलेला प्लास्टिकचा डबा धुताना त्याच्या बुडाशी शाईने लिहिलेली माझीच आद्याक्षरे दिसली, आणि गेल्या संक्रांतीला मीच लुटलेले वाण वर्षभर घरोघर फिरून माझ्याकडे आल्याचे लक्षात आले. सासूबाई हसून म्हणाल्या, "अगं, डबा कुणी वापरलाच नाही, नुसता पुढे सरकवला."

फडताळात असे अकरा डबे निघाले. त्यांतल्या दोन डब्यांची झाकणे बसत नाहीत.

रथसप्तमीच्या आत आमच्याकडे चाळीस बायका येतील. यंदा मी संपून जाणारे वाण द्यायचे ठरवले आहे: प्रत्येकीला पाव किलो तांदूळ, म्हणजे एकूण दहा किलो. किलोला 80 रुपये धरले तरी वाण वीस रुपयांत बसते. आधी गूळ देणार होते, पण तो कापडाला ओल सोडतो आणि पिशवी चिकट होते. पिशव्यांसाठी साडेपाच मीटरची जुनी सुती साडी घेतली. 45 बाय 20 सेंटिमीटरचा तुकडा दुमडून दोन बाजू शिवल्या की पाव किलो सहज मावतो, आणि एका साडीत चाळीस तुकडे निघून कापड उरते. विरलेला भाग मात्र टाळावा लागतो, नाहीतर शिवणीतून दाणे गळतात.

शेजारच्या कन्नड काकू त्यांच्या एळ्ळु-बेल्लाचे, म्हणजे तीळ-गुळाचे मिश्रण कागदी पुडीत बांधून देतात, तेही दोन दिवसांत संपते.

तुमच्या फडताळात कुणाकुणाचे डबे आहेत?