बुकीची अडत

नांदेडला संख्याशास्त्र शिकवताना एम.एस्सी.चे प्रकल्प दरवर्षी तपासतो, पण त्या दिवसाचा प्रकल्प अजून डोक्यातून जात नाही. परभणीकडची विद्यार्थिनी, इंग्लंडच्या फुटबॉल लीगच्या निकालांचं मॉडेल करत होती. आपले अंदाज ती बुकींच्या भावांशी ताडून पाहत होती. सादरीकरण दुसऱ्या दिवशी होतं. दुपारी ती आलेख घेऊन आली आणि म्हणाली, "सर, बाजार चुकतोय. बलवान संघ भावात दिसतात त्यापेक्षा जास्त वेळा जिंकतात, अन् दुबळे कमी वेळा. दर हंगामात हेच!"

आलेखात ते स्पष्ट दिसत होतं. आडव्या अक्षावर भावांतून काढलेली संभाव्यता, उभ्यावर प्रत्यक्ष निकालाचं प्रमाण. दोन्ही आकडे जुळले तर बिंदू कर्णावर यायला हवेत, पण ते उजवीकडे कर्णाच्या वर होते, डावीकडे खाली. इतक्या हंगामांत एकाच बाजूला कललेली चूक बाजार करत राहील, यावर माझा विश्वास बसेना. मी म्हणालो, "एक सामना घे. भावावरून संभाव्यता कशी काढलीस ते फळ्यावर लिही."

तिने घेतलेल्या सामन्यात घरच्या संघाच्या विजयाला 1.25, बरोबरीला 6 आणि पाहुण्यांच्या विजयाला 11 असा भाव होता, म्हणजे जिंकलं तर रुपयामागे एवढे रुपये परत. भावाचा व्यस्त काढला की 0.8000, 0.1667 आणि 0.0909. बेरीज 1.0576. तीनपैकी एकच निकाल लागणार, म्हणजे खऱ्या संभाव्यतांची बेरीज 1 हवी, वरचे 0.0576 बुकीचे. तिने प्रत्येक आकड्याला 1.0576 ने भागलं होतं: 75.64, 15.76 आणि 8.60 टक्के. बहुतेक जण हेच करतात.

"असं भागताना तू काय गृहीत धरलंस?"

ती जरा थांबली. "बुकीनं तिन्हीवर सारख्याच टक्क्यानं घेतलं."

वडिलांसोबत मोंढ्यात गेलेल्या मुलीला हे पटायला वेळ लागला नाही. अडत शेकड्यामागे ठरलेली, माल कमी असो वा जास्त. पण बुकीचं तसं नसतं. 11 च्या भावात संभाव्यतेचा अंदाज एका टक्क्यानंही चुकला तर त्याचं मोठं नुकसान होतं, 1.25 मध्ये तेवढं नाही. शिवाय आतली खबर असलेला माणूस त्याला सर्वांत महाग पडतो तो मोठ्या भावावरच. आणि थोड्या पैशांत मोठा परतावा मागणारे लोक त्याच बाजूला येतात. म्हणून तो दुबळ्या संघाचा भाव जास्त आवळतो.

मग आम्ही घाताची पद्धत लावली: तिन्ही व्यस्तांना एकच घात k द्यायचा, असा की बेरीज बरोबर 1 यावी. एक्सेलच्या गोल सीकने k आला 1.0887, आणि आकडे 78.43, 14.22, 7.35. लहान संख्येला एकापेक्षा मोठा घात दिला की ती जास्त प्रमाणात घटते, एवढाच त्यातला खेळ. घरच्या संघाच्या 0.80 मध्ये फुगवटा फक्त 2 टक्के, पाहुण्यांच्या 0.0909 मध्ये जवळपास 24 टक्के! ती स्वतःच म्हणाली, "सर, म्हणजे मी बाजाराची नाही, भागाकाराची चूक शोधली."

अर्थशास्त्रज्ञ ह्युन साँग शिन यांची पद्धतही तपासली. त्यात पैज लावणाऱ्यांपैकी काही हिस्सा आतली खबर असलेल्यांचा मानतात. या सामन्यात तो हिस्सा सुमारे 3 टक्के निघाला आणि संभाव्यता साधारण 77.5, 15 आणि 7.6, भागाकार आणि घात या दोन्हींच्या मध्ये. कोणती खरी, हे एका सामन्यावरून कळत नाही. खरी संभाव्यता कुणालाच दिसत नसते. म्हणून जुन्या हंगामांवर पद्धत ठरवायची आणि न वापरलेल्या हंगामांवर तिन्हींचा लॉग लॉस, म्हणजे अंदाज निकालापासून किती दूर पडले त्याचं माप, काढायचा. तुल्यबळ सामन्यात फरक जाणवतही नाही: 2.60, 3.20, 2.80 या भावांत भागाकार आणि घात 0.2 टक्क्याच्या आतच राहतात. म्हणून चूक लपून राहते. टोकाचे सामने वेगळे काढले तरच ती दिसते.

संध्याकाळी आणखी एक गोष्ट सापडली. काही हंगामांत तिने सगळ्या बुकींच्या सरासरी भावाच्या `AvgH`, `AvgD`, `AvgA` या रकान्यांऐवजी `MaxH`, `MaxD`, `MaxA` हे रकाने घेतले होते, म्हणजे प्रत्येक निकालासाठी वेगवेगळ्या बुकींचा सर्वांत मोठा भाव. तिथे व्यस्तांची बेरीज 1 च्या अगदी जवळ, कधी खालीही. अशा भावांतून कुणाचं मार्जिन काढणार? ते वेगवेगळ्या बुकींकडून वेचून घेतलेले भाव होते. ती बेरीज आधी पाहिली असती तर दुपारीच कळलं असतं, आणि ती पाहायला सांगणं माझंच काम होतं.

रात्री नऊला तिने रकाने दुरुस्त करून, घाताच्या पद्धतीनं पूर्ण गणित पुन्हा चालवलं. उजवीकडचे बिंदू कर्णावर उतरले. डावीकडचे शेवटचे दोन अजून थोडे खाली होते. तिथे सामने मोजकेच होते. तिने प्रत्येक बिंदूभोवती विश्वास अंतराल काढला, दोन्हींच्या अंतरालात कर्ण येत होता. "बाजार चुकतोय" ही ओळ खोडून तिने त्या जागी k ची किंमत लिहिली आणि वडिलांना फोन लावला, की आज शेवटची बस चुकली, मैत्रिणीकडे थांबते.