सेलेनियम येतं का?

मी सांगवीत घरूनच रेझ्युमे आणि लिंक्डइन प्रोफाइल करून द्यायचं काम करते, त्याआधी सात वर्षं एका कंपनीत एचआरला होते, रिक्रूटमेंटच बघायचे. गेल्या वर्षी सप्टेंबरात एका शनिवारी चाकणचे एक जण आले होते, ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात क्वालिटीला, ९ वर्षांचा अनुभव, त्यांना इथे नुसतं दादाच म्हणते. बसायच्या आधीच फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "मॅडम, सगळं वाढलंय, फक्त नोकरी येत नाहीये."

खरंच वाढलं होतं. लिंक्डइनवर आधी आठवड्याला १८ सर्च अपिअरन्स यायचे, आता ९४. प्रोफाइल व्ह्यूज एका आठवड्यात तर ३८. आणि मेसेज किती आले म्हटलं तर दोन, आणि दोन्ही मेसेजेसमध्ये विचारलेलं की सेलेनियम येतं का. दादा म्हणाले मला वाटलं कोटिंगमध्ये काहीतरी नवीन आलं असेल, मी आमच्या मेटलर्जीवाल्याला पण विचारलं, तो म्हणाला आपल्याकडे असलं काही वापरत नाहीत. मी चहा ठेवायला उठले होते ती तिथेच थांबले, कारण सेलेनियम हे सॉफ्टवेअर टेस्टिंगचं टूल आहे आणि त्या एका शब्दात सगळा घोळ कळला.

हेडलाइन बघितली. मित्राच्या सल्ल्याने महिन्यापूर्वी बदललेली:

```
QA Engineer | Quality Professional
```

आता क्यूए म्हटलं की चाकणला क्वालिटी अ‍ॅश्युरन्स, गेज घेऊन पार्ट तपासणारा माणूस. पण हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत क्यूए म्हणजे सॉफ्टवेअर टेस्टर. आणि सर्च बॉक्समध्ये क्यूए इंजिनियर टाइप करणारे बहुतेक हिंजवडीवालेच असतात. मी सर्च अपिअरन्सच्या आकड्यावर क्लिक केलं, त्याच्या आत बघायचं असतं हे दादांना माहीतच नव्हतं. शोधणारे कुठे काम करतात आणि त्यांची पदं काय ते तिथे दिसतं. एकूण एक आयटी कंपन्या, खाली टेक्निकल रिक्रूटर, टॅलेंट अ‍ॅक्विझिशन. ऑटोवाली एकही नाही. म्हणजे ९४ वेळा यादीत नाव आलं ते चुकीच्या यादीत.

अपिअरन्स म्हणजे कोणीतरी शोधलं आणि त्या यादीत तुमचं नाव आलं, एवढंच. वाचलं असं नाही. मी एचआरला असताना यादीत माझ्यापुढे काय असायचं तर फोटो, नाव, हेडलाइन, गाव आणि सध्याची नोकरी, बस, त्यावरच ठरायचं उघडायचं की नाही. हेडलाइनला २२० अक्षरं मिळतात खरी पण मोबाइलवर सुरुवातीचीच काय ती दिसतात. त्यामुळे अपिअरन्स कमी असतील तर प्रोफाइलमध्ये शब्द कमी आहेत, अपिअरन्स भरपूर पण व्ह्यूज नाहीत तर यादीत दिसणाऱ्या त्या दोन ओळींत गडबड आहे, आणि व्ह्यूज आहेत पण कोणी विचारत नाही तर आतल्या मजकुरात. पण हे सगळं कधी, शोधणारा बरोबर असेल तर. नाहीतर कुठलाही आकडा कामाचा नाही.

मग ते ३८ व्ह्यूज कुठून आले? ग्राफवर तो एकच आठवडा उंच, पुढचा ९. फुकटच्या अकाउंटला नावं मोजकीच दिसतात, पण जी दिसली त्यातले तिघे दादांचेच कॉलीग आणि एक त्यांचा चुलतभाऊ. "त्या आठवड्यात काही केलं होतं का?" आठवून आठवून म्हणाले, हां, कंपनीतलं पद नीट लिहायचं म्हणून नवीन एंट्री टाकली. जुनी एडिट करायची सोडून नवीन टाकली, आणि नेटवर्कला कळवायचं बटण चालूच राहिलेलं. लोकांना वाटलं नवीन नोकरी, सगळे अभिनंदन करायला आले. त्यांच्या साहेबांनीही अंगठा दिला होता, मग केबिनमध्ये बोलावून विचारलं कुठे चाललास. दादा हे सांगताना हसले पण मला काही हसू आलं नाही, असल्या गोष्टीवरून इन्क्रिमेंट अडकलेली मी पाहिलीयेत.

तर पहिलं काम ते बटण बंद. दुसरं, फक्त हेडलाइन. दादांना अबाउट, स्किल्स, फोटो सगळं आजच बदलायचं होतं, मी नाही म्हटलं. अपिअरन्सचा आकडा आठवड्याचा येतो, तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि आकडा हलला तर कशाने हलला ते कसं कळणार? त्यांना काय काम करता विचारलं तर सप्लायरकडे जाऊन पार्ट अप्रूव्हल, तक्रार आली की तिचं मूळ कारण शोधायची ८डी पद्धत, ऑडिट. मग हे तसंच लिहायला काय झालं!

```
Supplier Quality Engineer | Auto Components | PPAP, 8D, IATF 16949 | Pune
```

आणि वहीत तारीख घालून एक ओळ: अपिअरन्स ९४, व्ह्यूज ९, कोण शोधतंय – आयटी. दोन आठवडे काहीही हात लावायचा नाही. ओळखीच्यांना प्रोफाइल बघायला सांगायचं नाही आणि धडाधड कनेक्शन रिक्वेस्ट पण पाठवायच्या नाहीत, कारण रिक्वेस्ट आली की माणूस कोण आहे बघायला उघडतोच, तो व्ह्यू काय मोजायचा.

दहाव्या दिवशी रात्री साडेनऊला फोन. "मॅडम, ३१ वर आलं! परत जुनं टाकू का?" आवाज असा की घरात काहीतरी झालंय. म्हटलं आत क्लिक करा आणि वाचून दाखवा. थांबून थांबून वाचायला लागले, एक ब्रेकवाली कंपनी, एक वायरिंग हार्नेसवाली, मग पदांमध्ये परचेस, सप्लायर डेव्हलपमेंट, एचआर. वाचता वाचता स्वतःच गप्प झाले. मग म्हणाले, "ही तर आमचीच लोकं."

व्ह्यूज त्या आठवड्यात १४. ९ चे १४ हा काही पुरावा नाही, इतक्या छोट्या आकड्यात दोन माणसं इकडची तिकडे झाली तरी ग्राफ उड्या मारतो, तेही मी त्यांना सांगितलं. पुढे दिवाळीच्या आठवड्यात तर १२ अपिअरन्स, तेव्हा परत फोन, म्हटलं अहो एचआरवाले पण फराळ करतात. तो आठवडा वहीत गोल करून सोडून दिला. मला पटलं ते आकड्यामुळे नाही, तर चार आठवडे शोधणाऱ्यांच्या यादीत सलग ऑटोवालेच आले म्हणून.

पण मेसेज अजून नव्हते. म्हणजे लोक शोधतात, उघडतात आणि निघून जातात. आता आत बघायची वेळ. अनुभवात लिहिलेलं "क्वालिटीची सर्व जबाबदारी सांभाळली", ९ वर्षांचं काम एका ओळीत. फक्त सध्याच्या नोकरीखाली तीन ओळी घातल्या, किती सप्लायर बघता, कुठले पार्ट, कास्टिंग की मशीनिंग, आणि सप्लायरकडून येणारं रिजेक्शन किती होतं ते किती केलं. शेवटचा आकडा कंपनीच्या गोपनीय गोष्टीत येतो का हे त्यांना आधी तपासायला लावलं, म्हणून पीपीएम, म्हणजे दहा लाख पार्टमागे किती खराब तो आकडा, न लिहिता "निम्म्यावर आणलं" एवढंच ठेवलं. हे सगळं एडिट करून, नवीन एंट्री नाही, बटण बंद आहे ना ते दोघांनी मिळून दोनदा पाहिलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दादांनी स्क्रीनशॉट पाठवला, अपिअरन्स ३५, व्ह्यूज १६, आणि एक मेसेज. रांजणगावच्या एका कंपनीतून, कास्टिंगच्या सप्लायरबद्दल दोन प्रश्न आणि खाली नोटीस पिरियड किती. दादांनी मला विचारलं, ९० दिवस आहे, खरं सांगू का?