कापूस गाडीत गेला, खोली आम्ही आवरली

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात काकूचं कवेलूचं घर आहे. त्या घरातली मधली खोली आवरायची आणि तिचा आधी-नंतरचा व्हिडिओ करायचा, असं आमचं ठरलं. तेव्हा त्या खोलीत जवळजवळ आढ्यापर्यंत कापूस होता. वेचणीनंतर तो लगेच विकला जात नाही. भाव चढेल म्हणून थांबावं लागतं, शिवाय ओलावा १२ टक्क्यांच्या वर असला तर सीसीआयच्या सरकारी खरेदी केंद्रावर घेत नाहीत. तोवर तो घरातच राहतो आणि घरातल्या सगळ्यांच्या अंगाला खाज सुटते.

कापूस असतानाचं चित्रण मी करून ठेवलं होतं. महिन्याभराने तो विकला गेला आणि आम्ही कामाला लागलो. स्क्रिप्ट लिहायला बसले तेव्हा काकूला विचारलं, "सुरुवात कापसाने भरलेल्या खोलीपासून करू का?" ती म्हणाली, "काऊन वं पोरी, कापूस काय आपन आवरला का? थो तं गाडीत गेला."

त्या वाक्यावरच अख्खी स्क्रिप्ट उभी राहिली. कापसाची खोली आणि शेवटची नीटनेटकी खोली शेजारी-शेजारी लावली असती, तर फरक डोळे दिपवणारा दिसला असता, पण त्यातला मोठा भाग व्यापाऱ्याच्या गाडीचा होता. म्हणून दोनाऐवजी तीन चित्रं घेतली: कापूस असताना, कापूस गेल्यावर आणि आवरल्यावर. पहिल्या चित्रावर आवाज असा लिहिला: "ही जानेवारीतली खोली. हा कापूस आम्ही आवरलेला नाही, तो विकला गेला." दुसऱ्यावर: "आमचं काम इथून सुरू झालं." दुसऱ्या चित्रात जमिनीवर सरकी आणि पाला, कोपऱ्यात गोधड्यांचा ढीग, तुरीचे कट्टे, फवारणीचा पंप आणि औषधाच्या अर्ध्या बाटल्या आहेत. ही खोली फार भयंकर दिसत नाही. दिसू नयेच, कारण ती तशी नव्हतीच.

कॅमेऱ्याच्या बाबतीतही बोलण्याइतकंच काटेकोर राहावं लागतं. फोन 0.5x वर ठेवला की लहान खोलीही ऐसपैस दिसते, म्हणून तिन्ही वेळा 1x. पहिल्याच दिवशी उंबऱ्याजवळ खडूची खूण केली होती, स्टॅन्ड दर वेळी तिथेच आणि तेवढ्याच उंचीवर. दार पूर्वेचं, त्यामुळे सकाळी उजेड भरपूर येतो. आधीचं संध्याकाळी बल्बच्या उजेडात आणि नंतरचं सकाळी घेतलं, तर भिंतीला रंग न लावताही ती नवी वाटते. तिन्ही चित्रणं सकाळची, बल्ब बंद ठेवून आणि स्क्रीनवर बोट दाबून धरत उजेड लॉक करून घेतली. असं खोटं ओळखायची एक सोपी खूण आहे: दोन्ही चित्रांत भिंतीवरची एकच वस्तू पाहायची. इथे ते कॅलेंडर होतं. त्याचा आकार किंवा कागदाचा रंग बदललेला दिसला, तर कॅमेरा हलला आहे किंवा उजेड बदलला आहे.

स्क्रिप्टचा सगळ्यात मोठा भाग मी एका प्रश्नाला दिला: खोलीतून गेलेलं सामान कुठे गेलं? बहुतेक व्हिडिओंमध्ये ते फक्त दिसेनासं होतं. पंप आणि औषधं अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत कुलपाच्या पेटीत गेली. ती आधी तुरीच्या कट्ट्यांना लागून होती, हे मला सगळ्यात जास्त खटकत होतं. २०१७ मध्ये आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, ते गावात कोणी विसरलेलं नाही. तूर तिथेच राहिली, फक्त फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर. गोधड्या पेटीत मावल्या तेवढ्या ठेवल्या आणि उरलेल्या सपरीत गेल्या. सपरीत आता गर्दी झाली आहे. ती मी दाखवली आणि म्हटलं, "या गोधड्यांना जागा सापडलेली नाही."

खर्चाचं वाक्यही टाळलं नाही: लोखंडी रॅकचे १,४०० रुपये, फळ्या घरच्याच. मधलं काम पटापट पळवलं आहे, तिथे पडद्यावर "दोघी जणी, पूर्ण दोन दिवस" असं लिहिलं. नाहीतर पाहणारीला वाटतं की हे दुपारच्या वेळात उरकतं, आणि आपल्याकडून झालं नाही की ती स्वतःलाच दोष देते.

रॅक जमिनीवर न ठेवता भिंतीत उंच ठोकला, मधली जमीन मोकळी सोडली. त्याचं कारण शेवटच्या भागात काकूने स्वतः सांगितलं, कारण खोली तिची आहे: नोव्हेंबरात पुन्हा कापूस येईल आणि इथेच पडेल. तेव्हा त्याच खडूच्या खुणेवरून चौथं चित्र घेऊन याच व्हिडिओच्या पुढे जोडायचं, असं आम्ही ठरवून ठेवलं आहे.