काम सोडतानाची मेल आणि अडकलेले ४२ हजार

एका कंपनीच्या वेबसाइटचं काम मी १ लाख २० हजारांत घेतलं होतं. ४० टक्के आगाऊ, डिझाइन मंजूर झाल्यावर ३५ टक्के, साइट सुरू झाल्यावर उरलेले २५, असं करारात होतं. आगाऊ रक्कम वेळेवर आली. डिझाइनलाही मेलवर ‘अप्रूव्ह्ड’ मिळालं. पण दुसऱ्या हप्त्याचं बिल टाकताच बदल सुरू झाले. करारात बदलांच्या दोन फेऱ्या होत्या, त्या केव्हाच संपल्या होत्या. दर वेळी उत्तर एकच: “एवढं करून द्या, मग पेमेंट बघू.”

काम सोडायचं ठरवलं. साइट चाचणीसाठी माझ्याच सर्व्हरवर होती, ती बंद करायचा मोहही झाला. केली नाही. तसं केलं असतं तर चर्चा थकबाकीची न राहता माझ्या वागण्याची झाली असती.

मेल लिहिताना एकच कसोटी लावली. आमच्या भांडणातलं काहीच ठाऊक नसलेल्या माणसाला ती फॉरवर्ड झाली, तर त्याला काय वाटेल? म्हणून ‘त्रास’, ‘वारंवार’, ‘अन्याय’ असले शब्द काढले. गाभा एवढाच उरला:

“करारातील कलमानुसार १५ दिवसांची नोटीस देऊन मी हे काम थांबवत आहे. डिझाइन मंजुरीची तुमची मेल सोबत जोडली आहे. त्या टप्प्याचे ४२,००० रुपये बाकी आहेत. साइट सुरू झालेली नसल्याने शेवटच्या हप्त्याची मागणी नाही. रक्कम मिळताच मूळ फाइल्स आणि सर्व पासवर्ड सुपूर्त करीन. त्यानंतर दोन्ही बाजूंचा हिशेब पूर्ण समजावा.”

यात ‘त्यानंतर’ हा शब्द मोलाचा. पैसे येण्याआधीच ‘हिशेब पूर्ण’ लिहून दिलं, तर बाकी मागायला कागद उरत नाही. शेवटच्या हप्त्याच्या ३० हजारांवर पाणी सोडलं ते मात्र औदार्याने नव्हे; तो टप्पा झालाच नव्हता आणि तो मागितला असता तर ४२ हजारांचाही वाद झाला असता.

मेलची प्रत अकाउंट्स विभागालाही पाठवली. बिलावर माझा उद्यम नोंदणी क्रमांक होता. ही नोंदणी काम घेण्याआधीची. लेखी मुदत ठरली असली तरी सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि थकवले तर ते देईपर्यंत कंपनीला त्या खर्चाची प्राप्तिकरात वजावट मिळत नाही. हे मी मेलमध्ये लिहिलं नाही. अकाउंट्सवाल्यांना ते सांगावं लागत नाही.

उत्तरात “काम अर्धवट टाकलंत” असं आलं. मी वाद घातला नाही. मंजूर पानांची यादी तारखांसह पाठवली. नोटीस संपण्याआधी ३७,८०० रुपये जमा झाले. उरलेले ४,२०० टीडीएसचे, ते पुढे प्राप्तिकर खात्याच्या २६एएस या विवरणपत्रात माझ्या नावावर जमा दिसले. पैसे आले त्याच संध्याकाळी फाइल्स आणि पासवर्ड पाठवले, आणि नव्या डिझायनरसाठी पानभर टिपणही जोडलं.