‘कस्टमर ए’ शोधताना गेलेले अकरा दिवस

अकरा दिवसांनी उत्तर आलं, तेही एका ओळीचं. “कंपनीच्या धोरणानुसार आम्ही ग्राहकांची नावं जाहीर करत नाही.” खाली सही नाही, फक्त ‘गुंतवणूकदार संबंध विभाग’. हे पहिल्याच दिवशी कळवलं असतं तर मी निदान वाट बघत बसले नसते.

मी एका छोट्या कारखान्याचे हिशेब बघते. शेअर बाजारात नोंदलेल्या एका बऱ्यापैकी मोठ्या कंपनीकडून आम्हाला ऑर्डर येणार होती, पण त्यांना 90 दिवसांची उधारी हवी होती. मालक म्हणाले, “बघा जरा, पैसे बुडणार नाहीत ना.” नफा दिसत होता, कर्ज फार नव्हतं. मला मात्र वेगळंच खुपत होतं. आम्हाला द्यायचे पैसे या कंपनीकडे येतात कोणाकडून? म्हणून तिच्या मोठ्या ग्राहकांची नावं विचारणारं पत्र मी कंपनीला लिहिलं.

वार्षिक अहवाल मिळायला दोन मिनिटं लागली. आता नियम सांगते, कारण तो आधी माहीत असता तर मी ते पत्र लिहिलंच नसतं. आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएफआरएस 8 आणि त्यावर बेतलेलं आपलं इंड एएस 108 म्हणतं, की एखाद्या ग्राहकाकडून एकूण महसुलाच्या 10 टक्के किंवा जास्त महसूल येत असेल तर ते सांगावं लागतं. रक्कम सांगायची आणि तो महसूल कुठल्या सेगमेंटमधला, म्हणजे धंद्याच्या कुठल्या विभागातला, तेही सांगायचं. नाव सांगायची सक्ती नाही. हे नियमातच स्पष्ट लिहिलंय. म्हणजे तो विभाग नियमाला धरूनच वागला. माझा राग अकरा दिवसांवर आहे, उत्तरावर नाही.

ही माहिती पुढच्या रंगीत पानांत शोधू नका. तिथे ‘नामांकित ग्राहकांचा विश्वास’ वगैरे असतं. ती असते हिशेबाच्या टिपांमध्ये, सेगमेंटच्या टिपेच्या अगदी शेवटी. फाइलमध्ये `major customer` किंवा `10%` शोधलं की बहुधा सापडते.

मलाही सापडली, आणि तिथेच मी दोन संध्याकाळी अडकले.

(कंपनी ओळखू येऊ नये म्हणून आकडे थोडे बदलून आणि गोल करून देते. एकूण विक्री 100 धरा.) आदल्या वर्षीच्या अहवालात दोन नावं होती, म्हणजे अक्षरं होती: कस्टमर ए 22, कस्टमर बी 17. यंदाच्या अहवालात कस्टमर ए 34, कस्टमर बी 13. मी वहीत लिहून टाकलं की ए 22 वरून 34 वर गेला आणि बी थोडा घटला. मोठा ग्राहक आणखी मोठा झाला, एवढंच. मालकांना तसं सांगूनही टाकलं.

मग रात्री सहज यंदाच्या तक्त्याचा दुसरा रकाना बघितला. प्रत्येक अहवालात यंदाच्या आकड्याशेजारी गेल्या वर्षीचा आकडा असतो. तिथे ‘कस्टमर ए’समोर गेल्या वर्षीचा आकडा होता 17. बावीस नव्हे, सतरा! आधी वाटलं छपाईची चूक आहे. मग वाटलं, गेल्या वर्षीचे आकडे त्यांनी नंतर दुरुस्त केले असतील. अर्धा तास त्या दुरुस्तीची टीप शोधली. ती नव्हतीच.

तक्त्यात आणखी एक ओळ होती, जी मी ‘किरकोळ’ म्हणून सोडून दिली होती. कस्टमर सी: यंदा एक छोटी चांदणी, गेल्या वर्षी 22. तक्त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात त्या चांदणीचा अर्थ दिलेला: ‘10 टक्क्यांपेक्षा कमी’.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अक्षरं ग्राहकाला कायमची चिकटलेली नसतात. या कंपनीत दरवर्षी जो सगळ्यात मोठा तो ‘ए’. गेल्या वर्षीचा बी यंदाचा ए झाला होता आणि 17 वरून 34 वर, म्हणजे दुप्पट वाट्यावर गेला होता. गेल्या वर्षीचा ए, जो 22 टक्के विक्री देत होता, तो 10 च्या खाली घसरून तळाच्या ओळीत जाऊन बसला होता. यंदाचा बी तर गेल्या वर्षी यादीतच नव्हता. मी जे ‘मोठा ग्राहक आणखी मोठा झाला’ म्हणून लिहिलं होतं, ते खरं तर ‘सगळ्यात मोठा ग्राहक जवळजवळ निघून गेला आणि त्याची जागा दुसऱ्या एकट्याने भरली’ असं होतं. सकाळी मालकांसमोर शब्द मागे घ्यावे लागले.

म्हणून दोन वर्षांचे अहवाल शेजारी उघडा आणि अक्षरं जुळवू नका, आकडे जुळवा. यंदाच्या अहवालातल्या ‘गेल्या वर्षी’च्या रकान्यातला आकडा मागच्या अहवालात कोणापुढे होता ते बघा. चांदणी, आडवी रेघ, रिकामा चौकोन हे सगळं वाचा. चांदणीचा अर्थ शून्य नाही. तिथे साडेनऊही असू शकतात.

एकदा ए पक्का झाल्यावर पुढचं पटापट सुचलं. त्याची सगळी 34 ची विक्री एकाच सेगमेंटमधली होती आणि त्या सेगमेंटची एकूण विक्री 42. म्हणजे कंपनीच्या त्या अख्ख्या विभागाची 81 टक्के विक्री एका माणसाच्या मर्जीवर. वरवर एक तृतीयांश दिसणारं अवलंबित्व आत शिरल्यावर असं दिसतं.

माझ्या कामाचं खरं उत्तर मिळालं ते मात्र येण्यांच्या टिपेत. ‘क्रेडिट रिस्क’ या मथळ्याखाली लिहिलं होतं की वर्षअखेरच्या येण्यांपैकी 52 टक्के एका ग्राहकाकडे आहेत. एकूण येणी 20. म्हणजे त्याच्याकडे 10.4 अडकलेले. हा ग्राहक आपला ए असं धरलं (दुसरा कोण एवढं थकवणार?), तर 34 च्या विक्रीवर 10.4 थकलेले म्हणजे 10.4 भागिले 34 गुणिले 365, साधारण 112 दिवस. बाकी सगळ्यांकडे 66 च्या विक्रीवर 9.6, म्हणजे 53 दिवस. इतर ग्राहक दोन महिन्यांच्या आत पैसे देतात आणि ए पावणेचार महिने लावतो. आमच्याकडे 90 दिवस का मागत होते ते आता कळलं. एचा उशीर ते आमच्यावर ढकलत होते.

या गणिताला एक खोट आहे. एची बरीच खरेदी शेवटच्या तिमाहीत झाली असेल, तर तो वेळेवर पैसे देत असूनही वर्षअखेरीला बाकी मोठी दिसेल. म्हणून तिमाही निकाल काढून बघितले. त्या सेगमेंटची विक्री चारही तिमाहींत जवळपास सारखीच होती. मग हिशेब धरून ठेवला.

नाव शेवटी मिळालं का? मिळालं, आणि फुकटात. कंपनीने काही वर्षांपूर्वी शेअर विकायला काढले तेव्हाचं प्रॉस्पेक्टस अजून उपलब्ध होतं. जोखमींच्या प्रकरणात कंपन्यांना बरंच मन मोकळं करावं लागतं. तिथे दोन मोठ्या ग्राहकांची नावं होती. एक त्या सेगमेंटचा माल घेणाराच नव्हता, तेव्हा उरला तो ए असणार. खात्रीने नाही, पण अंदाज घट्ट. नावापेक्षा महत्त्वाचं वाक्य त्याच्या खाली होतं: करारात किमान खरेदीची हमी नाही आणि ग्राहक 90 दिवसांच्या नोटिशीवर करार थांबवू शकतो.

मग मी मालकांना सोपा हिशेब मांडून दाखवला. विक्री 100, माल वगैरे विक्रीबरोबर कमीजास्त होणारा खर्च 60, पगार-भाडं-व्याज असा ठरलेला खर्च 30, नफा 10. (ही विभागणी अहवालात तयार मिळत नाही; कच्च्या मालाच्या ओळीवरून मी अंदाज बांधला.) ए गेला तर 34 ची विक्री जाते, त्याबरोबर 20.4 चा खर्चही जातो, पण ठरलेले 30 तसेच राहतात. 13.6 चा फटका बसतो, आणि 10 चा नफा 3.6 चा तोटा होतो. विक्री एक तृतीयांशाने घटते आणि नफा मात्र सगळाच पुसला जातो.

हे कागदावरचं भय नाही. चिपसाठी ग्राफिक्सचं तंत्रज्ञान पुरवणाऱ्या ब्रिटनच्या इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीजचा सुमारे निम्मा महसूल ॲपलकडून यायचा. 2017 च्या एप्रिलमध्ये कंपनीने जाहीर केलं की ॲपल पंधरा महिने ते दोन वर्षांत त्यांचं तंत्रज्ञान वापरणं थांबवणार आहे. त्या एका दिवसात शेअर 60 टक्क्यांहून जास्त पडला. उलट सिरस लॉजिक ही अमेरिकन चिप कंपनी बघा. 2024 च्या आर्थिक वर्षात तिचा 87 टक्के महसूल ॲपलचा होता, अहवालात नावासकट, आणि कंपनी वर्षानुवर्षं तशीच चालली आहे. त्यामुळे नुसता टक्का बघून घाबरण्यात अर्थ नाही. ग्राहकाला तुमच्याऐवजी दुसरा मिळायला किती वेळ लागेल, हे बघायचं.

पुरवठादारांचं विचाराल तर तिथे 10 टक्क्यांसारखा नियमच नाही. जोखमींच्या प्रकरणात `sole source` आणि `single source` शोधा. पहिल्याचा अर्थ जगात दुसरा पुरवठादार नाही, दुसऱ्याचा अर्थ दुसरे आहेत पण कंपनी एकाकडूनच घेते. बऱ्याच अहवालांत हे शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले असतात, तेव्हा मागचंपुढचं वाक्य वाचा. दुसरी वाट उलटी: कंपनीचं नाव तिच्या संभाव्य पुरवठादारांच्या अहवालांत शोधा. छोट्या पुरवठादारासाठी ती 10 टक्क्यांवरची ग्राहक असते, म्हणून तो तिचा उल्लेख करतो. तिच्यासाठी तो इतका लहान असतो की ती त्याचं नावही घेत नाही. अमेरिकेत नोंदलेल्या कंपन्यांसाठी EDGAR या तिथल्या बाजार नियामकाच्या संकेतस्थळावर 2001 पासूनच्या कागदपत्रांत असा शब्दशोध होतो. तिथले 2020 च्या आधीचे अहवाल जरूर उघडा. तोवर मोठा ग्राहक गेल्याने धंद्याला जबर फटका बसणार असेल तर त्याचं नाव देणं बंधनकारक होतं, नंतर ते शिथिल झालं.

आणि ‘कुठलाही ग्राहक 10 टक्क्यांवर नाही’ हे वाचून निर्धास्त होऊ नका. नऊ-नऊ टक्क्यांचे आठ ग्राहक असले तरी हे वाक्य खरंच असतं.

आम्ही 45 दिवस आणि थोडी लहान ऑर्डर असं कळवलं. त्यांनी कुरकुर करून मान्य केलं. ऑर्डर लहान का केली, तर सगळं आवरल्यावर मी तोच भागाकार आमच्या वहीत करून बघितला. पूर्ण ऑर्डर घेतली असती तर आमच्या वर्षाच्या विक्रीत त्या कंपनीचा वाटा 38 टक्के झाला असता.