पोराची ग्रिप का बदलत नाही

"मॅडम, पोराची ग्रिप तेवढी बदलून द्या की. नेटवर सगळे सेमी-वेस्टर्नच बरोबर म्हणतात, तुम्ही त्याला वेस्टर्नवरच का ठेवलंय?"

टेनिस कोच म्हणून सांगते, रॅकेटवरचा फोरहँडचा हात फिरवायला मिनिटभर लागतं. रॅकेट कडेवर उभी धरायची, म्हणजे तारा डावी-उजवीकडे आणि फ्रेम आकाशाकडे. हँडलला आठ पैलू असतात. अगदी वरचा पहिला धरून उजव्या हाताच्या खेळाडूनं घड्याळाच्या काट्यासारखं मोजत जायचं. तर्जनीच्या बुडाचा सांधा तिसऱ्या पैलूवर आला की ईस्टर्न, चौथ्यावर सेमी-वेस्टर्न, पाचव्यावर, म्हणजे तळवा जवळजवळ हँडलच्या खाली गेला की वेस्टर्न. तुमच्या पोराचा हात पाचव्यावर आहे. एक पैलू मागे आणला की तुमचं काम झालं. पण मग त्याच्या खांद्यावर येणाऱ्या बॉलचं काय करायचं, हे मला कुणी सांगत नाही.

हे मी कोर्टाच्या कुंपणाच्या जाळीशी नेऊन प्रत्येक पालकाला दाखवते. तुम्हीही करून बघा. ईस्टर्न ग्रिप धरून कमरेच्या उंचीवर, शरीराच्या थोडं पुढे, रॅकेटच्या तारा जाळीला सपाट टेकवा आणि ढकला. तळवा बरोबर हँडलच्या मागे असतो, अख्ख्या अंगाचा जोर लागतो. आता हात तिथंच ठेवून फक्त ग्रिप वेस्टर्न करा. रॅकेटचं तोंड जमिनीकडे झुकतं. ते पुन्हा सपाट करायला जाल तर मनगट मागे मोडल्यासारखं वळतं आणि जोर निघून जातो. मग तीच रॅकेट हळूहळू वर आणि पुढे सरकवत न्या. छातीच्या वर, खांद्याजवळ आलात की तोंड आपोआप सपाट होतं आणि हातात ताकद येते. सेमी-वेस्टर्नची जागा या दोन्हींच्या मधली, कमरेच्या वरपासून छातीपर्यंत. बॉलला लागताना रॅकेटचं तोंड जवळजवळ सरळ उभंच असावं लागतं, त्यात काही अंशांचाच फरक चालतो. ते तोंड कुठल्या उंचीवर आणि शरीराच्या किती पुढे सहज उभं राहील, एवढं ग्रिप ठरवते.

आता टॉपस्पिनचं. "वेस्टर्ननं स्पिन जास्त येतो ना?" हा तुमचा पुढचा प्रश्न असतो. स्पिन येतो तो रॅकेट बॉलच्या खालून वर किती वेगानं घासत गेली त्यावर. वेस्टर्नमध्ये वर येताना तोंड थोडं बंद असतं, त्यामुळे कितीही उभा स्विंग केला तरी बॉल आकाशात जात नाही. पोरगं निर्धास्तपणे वर ओढू शकतं, म्हणून स्पिन सोपा पडतो. ईस्टर्नमध्ये तेवढाच उभा स्विंग करायचा तर हाताला तोंड सांभाळावं लागतं, म्हणून बहुतेक जण स्विंग आडवा ठेवतात आणि बॉल सपाट, वेगानं जातो. पण हे बंधन नाही. टेनिसचे अभ्यासक जॉन यँडेल यांनी हाय-स्पीड कॅमेऱ्यानं केलेल्या मोजणीत नदालचा फोरहँड सरासरी मिनिटाला सुमारे ३,२०० वेळा फिरत होता, आगासीचा सुमारे १,८०० वेळा. दोघंही साधारण सेमी-वेस्टर्नवालेच. आणि फेडरर, ज्याची ग्रिप ईस्टर्नकडे झुकलेली, तो २,७००च्या आसपास. तेव्हा ग्रिप बदलली की स्पिन बदलेल ही आशा सोडा.

हे सगळं मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मी चौदा वर्षांची असताना माझ्या तेव्हाच्या कोचनी माझी सेमी-वेस्टर्न सोडवून ईस्टर्न केली. त्यांचं नाव घेत नाही. "फोरहँड म्हणजे हात मिळवणं, शेकहँड केल्यासारखा हात ठेव," एवढंच त्यांचं म्हणणं. आमच्या कोल्हापुरात तेव्हा मातीच्या कोर्टावरच खेळायचो. पावसाळा संपल्यावर माती आतून ओली असायची, बॉल जड व्हायचा आणि गुडघ्यापासून कमरेपर्यंतच उठायचा. त्या बॉलवर ईस्टर्न सुरेख चालली. मीही खूश होते, बॉल जाळीवरून एक वीत वर, सरळ कोपऱ्यात.

मग काही आठवड्यांतच बाहेरगावी सिंथेटिक हार्ड कोर्टवर स्पर्धा आली. समोरची मुलगी उंच लूप मारायची, बेसलाइनच्या आत पडून माझ्या डोक्याकडे झेपावणारे. पहिल्याच गेममध्ये मला कळलं की माझा हात तिथं पोचतोय, पण रॅकेटचं तोंड तिथं माझ्या ताब्यात नाही. ईस्टर्ननं खांद्याच्या वरचा बॉल मारताना तोंड मागे झुकतं, उघडतं. ते दाबून धरायला गेले तर बॉल जाळीत, नाही दाबलं तर बेसलाइनच्या बाहेर. मागे सरकले, बॉल खाली येऊ दिला, तर ती पुढं येऊन ड्रॉप टाकायची. चौथ्या गेमपासून मी मनातल्या मनात जुन्या ग्रिपकडे परत गेले. पण हाताला आता जुनी जागाही सापडेना. एका बॉलला तिसरा पैलू, पुढच्याला चौथा, त्याच्या पुढच्याला मधली धार. बॉल फ्रेमला लागून शेजारच्या कोर्टावर जायला लागले. दुसऱ्या सेटमध्ये मी सर्व्हिस रिटर्न करताना हँडलकडे खाली बघत होते. बाबा कुंपणाबाहेर उभे होते आणि त्यांना टेनिस कळत नव्हतं, तरी त्यांनी मला नंतर तेच विचारलं: "तू बॉल सोडून हाताकडं का बघत होतीस गं?" ६-१, ६-०. कोच म्हणाले, हिंमत नाही पोरीत.

त्या वाक्याचा राग मला आजही येतो. हिंमतीचा तिथं काही संबंध नव्हता. बॉल खांद्यावर येत होता आणि माझा तळवा हँडलच्या मागे होता.

या अनुभवामुळे कोच झाल्यावर मी बरीच वर्षं पालकांना एकच उत्तर द्यायचे: कुणाचीही ग्रिप बदलायची नसते. आता त्या जुन्या मॅडमशी, म्हणजे माझ्याशीच, माझं भांडण होतं, कारण त्यांचंही पुरतं पटत नाही. ओल्या मातीवर ईस्टर्न खरंच बरोबर होती. माझे कोच कोर्ट बघून बोलत होते, फक्त सगळी कोर्टं तशीच असतात असं धरून चालले होते. आणि पाचव्या पैलूवरच्या खेळाडूला समोरून खाली राहणारा स्लाइस आला की काय होतं, तेही मी रोज बघते. गुडघ्याखालच्या बॉलला तोंड बंदच राहतं. खेळाडू वाकून वाकून बॉलच्या खाली जायला बघतो, आणि बॉल जाळीच्या तळाला. असे जाळीत जाणारे बॉल खालच्या उंचीचेच असतील तर दोष ग्रिपचा. कमरेच्या उंचीचेही जात असतील तर बहुतेक वेळा बॉल शरीराच्या पुढे घेतलेला नसतो. वेस्टर्नला काँटॅक्ट सगळ्यात पुढे लागतो आणि उशीर झाला की तोंड झाकलेलंच राहतं. हे दोन वेगळे आजार आहेत. दुसऱ्यावर ग्रिप बदलून उपाय केला की पोरगं दोन्हीकडून जातं.

तुमच्या मुलाचा हात पाचव्यावर कुणी ठेवला? मी नाही. तो पिवळ्या बॉलनं मोठ्या पोरांबरोबर खेळायला लागला तेव्हा त्याचा त्यानंच सरकवला. बॉल मोठ्याच्या छातीला येतो तो त्याच्या हनुवटीला येतो. त्या उंचीवर तोंड उभं राहावं म्हणून हात आपोआप खाली घसरतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानं २०१२ पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा बॉल बंद केला. लाल, केशरी आणि हिरवा ठिपका असलेले बॉल सावकाश येतात, कमी उसळतात. हिरवा पिवळ्यापेक्षा साधारण २५ टक्के सावकाश. इथं अजूनही पालकांना हिरवा ठिपका म्हणजे "लहान पोरांचा बॉल" वाटतो आणि ते घरून पिवळा डबा देऊन पाठवतात. तालमीत वाढलेल्या एका आजोबांना मात्र मला समजवावंच लागलं नाही. ते म्हणाले, बुटका पैलवान पट काढतो, उंच पैलवान मान धरतो, पकड उंचीवर ठरते.

एका मुलीची ग्रिप मी बदलली आहे, तेही सांगते, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. ती पूर्ण वेस्टर्नवर होती, दोन वर्षांत भराभर उंच झाली, आणि जो बॉल पूर्वी खांद्यावर यायचा तो आता कमरेवर येत होता. तो मारायला ती मनगट मोडत होती आणि करंगळीच्या बाजूनं दुखायला लागलं. जूनमध्ये कोर्टं बंद झाली तेव्हा सुरू केलं. ओव्हरग्रिपवर चौथ्या पैलूला स्केचपेननं रेघ मारली. आधी भिंतीवर, जवळून, हळू. मग मी हातानं कमरेच्या उंचीवर टाकलेले बॉल. मग सर्व्हिस बॉक्सपुरतं मिनी टेनिस. पॉइंट एकही नाही, स्पर्धा तर नाहीच. पावसाळा संपेपर्यंत हात रेघेवर न बघता जायला लागला, मनगट दुखायचंही थांबलं. तरी टायब्रेकला अजून तो हात पाचव्यावर घसरतो. मी ते थांबवू शकले नाही, आणि थांबवायला हवं की नको याचंही माझं उत्तर दर मोसमात बदलतं.

तेव्हा तुमच्या पोराचं असं. त्याला हिरवा ठिपकेवाला बॉल आणून द्या. खालच्या बॉलसाठी मी त्याला काँटिनेंटलनं, म्हणजे दुसऱ्या पैलूवर, फोरहँड स्लाइस शिकवते आहे, म्हणजे तिथं वेस्टर्नला ओढाताण करायला नको. फोरहँडची ग्रिप आहे तशीच राहील. जूनमध्ये त्याला पुन्हा कुंपणाच्या जाळीशी उभा करून रॅकेट टेकवून बघेन. खांद्यापेक्षा छातीखाली त्याचा हात जास्त ताकदीचा लागला तर अर्धा पैलू सरकवू. नाही लागला तर पुढच्या जूनमध्ये बघू.