बापूंचे 785

दुपारी जेवण उरकून भडंगाची वाटी घेऊन खिडकीशी बसलो होतो. जेवणावर भडंग खाऊ नये हे मला कळतं, पण सांगलीत राहून ते पाळणं अवघड आहे. तेवढ्यात फोन वाजला. ताईच्या धाकट्या दिरांचा, म्हणजे बापूंचा, लग्नाच्या ग्रुपवर मेसेज होता.

‘सर्वांना नमस्कार. सर्व याद्या मिळाल्या. गाव-भावकी 212, ताईचं माहेर 96, दाजींचं ऑफिस 148, कॉलनी 84, मुलीच्या मैत्रिणी 45, मुलाकडचे 200. एकूण 785. तीनदा बेरीज केली आहे. केटरिंगवाल्यांना कळवतो. फायनल.’

खाली धडाधड अंगठे पडले. मीही टाकणार होतो, कारण भाचीच्या लग्नात मामानं बहुतेक गोष्टींना अंगठाच दाखवायचा असतो. पण हात थांबला. माझं एक जुनं खूळ आहे: शेवटी शून्य नसलेल्या आकड्यावर माझा पटकन विश्वास बसत नाही. कुणी ‘आठशेक होतील’ म्हणालं तर ते अंदाज सांगतायत हे कळतं. 785 म्हटलं की वाटतं, यांनी दारात उभं राहून माणसं मोजली. आणि लग्न तर अजून तीन आठवड्यांवर होतं.

मग माझी नजर 96 वर गेली. माहेरची यादी मीच दिली होती, पण तिच्यात नावं होती 31. बापूंना फोन लावला. म्हणाले, ‘तुम्ही प्रत्येक नावापुढं अधिक दोन, अधिक तीन असं लिहिलं होतं ना? ते सगळं धरलं.’ बरोबर होतं. नगाला नग, लेकरासकट. मग विचारलं, ‘आणि गावाचे 212?’

‘ती दादांची वही. 212 ओळी आहेत.’

‘ओळी म्हणजे माणसं?’

‘ओळी म्हणजे घरं हो. चूलबंद आवतान आहे सगळ्यांना.’

आता हे ज्यांना माहीत आहे त्यांना मी काय सांगावं? चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, म्हातारीपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळ्यांनी यायचं. नुसतं घरटी एक असतं तर गोष्ट वेगळी. म्हणजे बापूंनी 212 घरं आणि 96 डोकी यांची बेरीज केली होती, आणि ती तीनदा तपासली होती. बेरीज तीनही वेळा बरोबर आली यात मला शंका नाही.

दादांची ती वही मी पाहिली आहे. ताईच्या लग्नाच्या वेळची. तिच्यात निम्मी नावं वारलेल्या माणसांची आहेत, पण ती खोडायची नसतात, कारण घर अजून त्याच नावानं ओळखलं जातं. पत्रिका त्या नावानं जाते आणि जेवायला नातू येतो. मोजणीला त्यानं काही बिघडत नाही.

मला एकदम आमच्या गावचं, तासगाव तालुक्यातलं, एक लग्न आठवलं. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. चुलत आत्याचं लग्न, मांडव दारातच, आणि जेवणात गव्हाची खीर, भात-आमटी, वांग्याची भाजी. पंगती उठतील तशी माणसं मोजायचं काम मी मोठ्या हौसेनं अंगावर घेतलं होतं आणि पहिल्याच पंगतीत गोंधळलो, कारण पोरं या रांगेतून त्या रांगेत पळत होती. आजोबांनी मला ओढून पत्रावळींच्या गठ्ठ्यांशेजारी बसवलं. म्हणाले, ‘माणसं हालत्यात. पानं हालत न्हाईत. हितं बस आन् किती गठ्ठं सरलं तेवढं सांग.’

शंभर-शंभर पत्रावळींचे गठ्ठे होते, पळसाच्या पानांचे, काड्यांनी टाचलेले. मी जागचा हललो नाही. संध्याकाळी छाती फुगवून सांगितलं, सहा गठ्ठे संपले, सहाशे माणूस जेवलं. आजोबांनी आचाऱ्याकडं बघितलं. आचारी म्हणाला, तांदूळ तर चारशेच्या मापानंच शिजलाय आणि उरलाय. मग उलगडा झाला. त्या वर्षीची पत्रावळ विरळ होती, खीर वाढली की खालून जमिनीत जायची. म्हणून जाणती माणसं गुपचूप दोन-दोन पानं एकावर एक घेत होती. मी पानं बरोबर मोजली होती. पण एका पानाला एक माणूस, हे मी मनानंच धरलं होतं. आजोबा मला काही बोलले नाहीत. उरलेली खीर मात्र दोन दिवस खावी लागली.

तर बापूंना म्हटलं, आपण बसूया. ते म्हणाले, ‘या की. पण आकडा फायनल झालाय.’

विश्रामबागेत ताईच्या घरी आम्ही तिघं बसलो. दाजी सुरुवातीला पेपर वाचत होते, मग हळूहळू सरकत आले. आधी दुहेरी नावं काढायची ठरली. नावावरून ती सापडत नाहीत, हे पाच मिनिटांतच कळलं. एकच गृहस्थ दाजींच्या यादीत ‘स्टोअरवाले आप्पा’ होते, कॉलनीच्या यादीत ‘12 नंबरवाले’ आणि माझ्या यादीत ‘आईच्या मावसबहिणीचे जावई’. तिन्ही ठिकाणी मोबाईल नंबर मात्र तोच. मग शेवटचे चार आकडे बघत गेलो. ऑफिसच्या यादीतले 19 जण असे दुसरीकडं सापडले. यातही चाळणीतून सुटणारे असतातच: नवरा दाजींच्या यादीत त्याच्या नंबरानं, बायको ताईच्या भिशीत तिच्या नंबरानं. अशा दोन जोड्या ताईनं स्वयंपाकघरातून ओरडून सांगितल्या. पण त्या दोघांना दोघं म्हणूनच जेवायला वाढायचं होतं, त्यामुळं त्यांचं काय करायचं यावर अर्धा तास गेला. घोळ असा होता की दाजींच्या यादीत एक नाव म्हणजे कधी एकटा माणूस होता आणि कधी सपत्नीक.

गावाच्या 212 घरांपुढं काय धरायचं? सगळी चूल आली तर हजार माणूस होतं. पण गाव पलूसच्या पुढं, कार्यालय सांगलीत, मुहूर्त दुपारचा, आणि तिथ मोठी. त्याच दिवशी भावकीत आणखी दोन लग्नं. अशा तिथीला माणूस एकीकडं अक्षता टाकतो, दुसरीकडं आहेर देतो आणि तिसरीकडं जेवतो. बापूंनी त्यांच्या थोरल्या पुतण्याच्या लग्नाचा हिशेब काढला. कार्यालय तेवढंच लांब होतं, आणि गावातून घरटी दीड माणूस जेवलं होतं. दीड माणूस ऐकून ताईची सासू हसायला लागली. तो दीड म्हणजे निम्म्या घरांतून एकजण आणि निम्म्यांतून दोघं. तेच धरलं. 318.

बाकीचं भराभर झालं. माहेरची 96 तशीच, कारण मामा-मावशा कुठं जातायत. ऑफिसातले दुहेरी वजा करून 129 उरले. वार कामाचा, म्हणून निम्मे, 65. कॉलनीची 21 दारं, प्रत्येकी चार डोकी लिहिली होती. दुपारी पोरं शाळेत, एकजण घर सांभाळायला, म्हणून दारामागं दोन, 42. मैत्रिणी 30. मुलाकडच्यांचे 200 मात्र आम्ही हलवले नाहीत. त्यांनी तीन बस ठरवल्या होत्या, उरलेले गाड्यांनी. बसच्या सीटा मोजलेला आकडा हा सगळ्यात इमानदार आकडा.

एकूण 751. बापू कॅल्क्युलेटर बाजूला ठेवत होते, तेवढ्यात दाजींनी विचारलं, ‘आम्ही कुठल्या यादीत आहोत?’

सगळ्या याद्या परत चाळल्या. दाजी नव्हते. ताई नव्हती. नवरी नव्हती. बापू, त्यांची बायको, पोरं, सासूबाई, कुणीच नव्हतं. माझ्या यादीत मी आणि माझी बायकोही नव्हतो. आपल्याला बोलवायचं कुणाला, एवढंच प्रत्येकानं लिहिलेलं. आपण जेवणार हे कुणाच्या डोक्यातच नाही. त्यात भटजी, फोटोवाला आणि त्याचा पोऱ्या, वाजंत्री, बसचे ड्रायव्हर. 2021 च्या एप्रिलमध्ये सरकारनं लग्न 25 माणसांत आणि दोन तासांत उरकायला लावलं होतं, तेव्हा माझ्या मावसभावाकडं याच प्रश्नावरून रात्री अकरापर्यंत वाद चालला होता: भटजी त्या पंचवीसात धरायचे की कसं? शेवटी दोन आत्यांनी आपण होऊन माघार घेतली, आणि त्यातली एक अजून ते ऐकवते.

घरचे आणि कामाचे मिळून 26 निघाले. बापूंनी बटणं दाबली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. आकडा आला होता 777.

दोन तास, तीन चहा. गावची घरं माणसं समजून मोजली म्हणून तिथं शंभरावर कमी पडले होते. ऑफिस आणि कॉलनीत तेवढेच, किंबहुना थोडे जास्तच, फुगले होते. घरचे विसरले होते. या चुका एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून अशा उभ्या होत्या की सगळं मिळून फरक पडला आठ माणसांचा.

मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, केटरिंगवाल्यांना 700 ताटं पक्की सांगा. पक्क्या ताटांचे पैसे कुणी जेवो न जेवो द्यावेच लागतात, म्हणून ती जरा कमीच बोलायची, आणि वरची लागतील तशी मोजायची. सामान मात्र 800 चं भरायला लावा. आणि ताटांच्या चळतीपाशी घरचा एखादा माणूस बसवा, कारण बुफेत गुलाबजामसाठी नवं ताट घेणारे असतात आणि बिलात ते दोन माणसं होतात. ‘कोणाला बसवायचं?’ ताईनं विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मामानं मुलीला मांडवात आणायचं असतं, अंतरपाट होईपर्यंत तिच्यामागं उभं राहायचं असतं, हे मी सांगून बघितलं. अक्षता पडल्यावर मामाला काय काम, असं सासूबाई म्हणाल्या.

रात्री घरी आलो तर ग्रुपवर बापूंचा मेसेज होता. ‘मामांबरोबर बसून सर्व याद्या पुन्हा तपासल्या. माझा आकडा जवळपास बरोबर होता. धन्यवाद.’

खाली पुन्हा अंगठे. मीही एक टाकला. दुपारची भडंगाची वाटी खिडकीत तशीच राहिली होती, पार सादळून गेलेली. तरी खाल्ली.